दोन सिमच्या फोनवर बँकेचा ओटीपी येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनमध्ये दोन सिम आहेत. बँकेचा ओटीपी नेमका कोणत्या सिमवर येतो?

बँकेकडे जो मोबाइल नंबर नोंदवलेला आहे, त्याच नंबरच्या सिमवर. तुमच्या फोनमध्ये एक सिम आहे की दोन, कोणते कोणत्या स्लॉटमध्ये आहे, हे बँकेला ठाऊक नसते. बँक फक्त एका नंबरवर मेसेज पाठवते.

म्हणून सेटिंगमध्ये काहीही बदलण्याआधी ओटीपी मागणारी स्क्रीन नीट वाचा. तिथे बहुतेक वेळा "आपल्या नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवला आहे" असे लिहून नंबरचे शेवटचे दोन, तीन किंवा चार अंक दाखवलेले असतात. ते अंक तुमच्या दोन नंबरांपैकी कोणाचे आहेत ते बघा. तो नंबर तुम्ही सोडून दिलेला असेल किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाचा असेल, तर उत्तर तिथेच मिळाले. फोन ठीक आहे, फक्त बँकेतला नंबर बदलून घ्यायला हवा.

इथे दोन गोष्टी हमखास नजरेआड होतात. संयुक्त खात्यात ओटीपी अनेकदा पहिल्या खातेदाराच्या नंबरवर जातो. आणि बचत खात्याला एक नंबर व क्रेडिट कार्डाला वेगळा नंबर, असेही असू शकते, कारण दोन्हींचे अर्ज वेगवेगळ्या वेळी भरलेले असतात. खात्याचा ओटीपी येतो पण कार्डाचा येत नाही, असे होत असेल तर आधी हेच तपासा.

मेसेजसाठीचे डीफॉल्ट सिम बदलले की ओटीपी यायला लागेल का?

नाही. या एका सेटिंगवर लोकांचा सर्वांत जास्त वेळ वाया जातो. डीफॉल्ट सिम म्हणजे तुम्ही मेसेज *पाठवाल* तेव्हा तो कोणत्या सिमवरून जाईल, एवढेच. येणाऱ्या मेसेजशी त्याचा काही संबंध नाही. सिम १ डीफॉल्ट असले तरी सिम २ च्या नंबरवर आलेला मेसेज सिम २ वरच येतो, आणि दोन्ही सिमचे मेसेज एकाच यादीत दिसतात. मेसेज सेंटरचा नंबर बदलण्याचा सल्लाही काही जण देतात. तोही पाठवायच्या मेसेजपुरताच असतो.

मात्र एका ठिकाणी डीफॉल्ट सिम खरोखर आडवे येते. बँकेचे अ‍ॅप नव्या फोनवर सुरू करताना अनेक बँका उलटी पद्धत वापरतात: अ‍ॅपच तुमच्या फोनवरून बँकेला एक मेसेज पाठवते, आणि तो कोणत्या नंबरवरून आला यावरून बँक तुम्हाला ओळखते. अशा वेळी अ‍ॅपमध्ये चुकीचे सिम निवडले गेले, किंवा अ‍ॅपने न विचारता डीफॉल्ट सिम वापरले, तर "नंबर जुळत नाही" किंवा "पडताळणी अयशस्वी" असे उत्तर येते. तेव्हा सेटिंगमधील सिमच्या पानावर जाऊन एसएमएससाठी बँकेत नोंदवलेला नंबर निवडा. त्या सिमवर मेसेज पाठवण्याइतकी शिल्लक किंवा पॅक आहे याचीही खात्री करा. तरीही जमत नसेल तर दुसरे सिम सेटिंगमधून थोडा वेळ बंद ठेवा, नोंदणी पूर्ण करा आणि मग ते पुन्हा सुरू करा.

थोडक्यात, अ‍ॅपची नोंदणी अडली असेल तर डीफॉल्ट सिम बघा. ओटीपी येत नसेल तर पुढचे वाचा.

मग मेसेज कुठे अडतोय हे कसे ओळखायचे?

ओटीपी बँकेकडून निघतो, मोबाइल कंपनीच्या मेसेज सेंटरवर येतो, तिथून तुमच्या सिमपर्यंत पोहोचतो, मग फोनमधले मेसेज अ‍ॅप तो उचलते आणि शेवटी फिल्टर ठरवते की तो कोणत्या फोल्डरमध्ये टाकायचा. यातल्या कोणत्या टप्प्यावर तो थांबला हे दोन सोप्या चाचण्यांनी कळते.

पहिली चाचणी: बँकेत असलेल्या नंबरवर दुसऱ्या कोणाच्या फोनवरून साधा एसएमएस पाठवायला सांगा. चॅट अ‍ॅपवरचा मेसेज चालणार नाही, आणि मेसेज अ‍ॅपमधून इंटरनेटवरून जाणारा चॅट मेसेजही नको, खरा एसएमएस हवा. तुमच्याच दुसऱ्या सिमवरून पाठवलात तरी चालेल. हा साधा मेसेजही आला नाही, तर अडचण सिमची, नेटवर्कची किंवा फोनची जागा भरल्याची आहे. तो आला आणि ओटीपी मात्र येत नसेल, तर संशय फिल्टरवर, ब्लॉक यादीवर किंवा बँकेच्या बाजूवर जातो.

दुसरी चाचणी: तेच सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये, शक्यतो त्या सिमचे नेटवर्क पकडणाऱ्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला आणि ओटीपी मागवा. तिथे आला तर दोष तुमच्या फोनचा, आणि पहिल्या चाचणीत साधा मेसेज आला असेल तर बहुधा फिल्टरचा किंवा ब्लॉक यादीचा. तिथेही आला नाही तर फोनच्या मागे लागण्यात अर्थ नाही, बँक आणि मोबाइल कंपनीकडे जा. ही चाचणी करण्याआधी एक लक्षात ठेवा: सिम काढल्यावर काही बँकांची अ‍ॅप पुन्हा नोंदणी मागतात. त्यामुळे घाईचा व्यवहार चालू असताना सिम काढू नका. ई-सिम असेल तर ते असे काढून घालता येत नाही, तेव्हा पहिल्या चाचणीवरच भागवावे लागते.

साधे मेसेज येतात, मित्रांचे येतात, फक्त बँकेचे येत नाहीत. असे का?

बँकेचे मेसेज दहा अंकी नंबरावरून येत नाहीत. ते अक्षरांच्या नावाने येतात, किंवा एखाद्या छोट्या नंबरावरून. फोनमधले स्पॅम फिल्टर अशा मेसेजकडे जास्त संशयाने बघते, कारण जाहिरातीही अशाच नावांनी येतात. त्यात ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम, अंक आणि कधी लिंकही असते. फसवणुकीच्या मेसेजमध्येही हेच सगळे असते, म्हणून फिल्टर कधी कधी चुकते.

पण आमच्या पाहण्यात फिल्टरच्या चुकीपेक्षा स्वतःच केलेले ब्लॉक जास्त सापडते, आणि ज्याने ते केले त्याला ते अजिबात आठवत नसते.

एक उदाहरण बघा. एका मावशींच्या फोनवर दोन सिम होती. अचानक एका बँकेचे ओटीपी बंद झाले. पैसे जमा झाल्याचे मेसेज येत होते, दुसऱ्या बँकेचे ओटीपी येत होते, फक्त या बँकेचा ओटीपी नाही. घरच्यांनी डीफॉल्ट सिम बदलले, सिमच्या जागा बदलल्या, फोन चार वेळा बंद करून सुरू केला. कशाचाही उपयोग झाला नाही.

जमा झाल्याचे मेसेज येत होते, म्हणजे सिम आणि नेटवर्क ठीक होते, आणि नंबरही बँकेकडे बरोबर होता. बँक मात्र वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या नावांनी मेसेज पाठवते. मावशींच्या फोनवर जमेचा मेसेज एका नावाने यायचा आणि ओटीपी दुसऱ्या. मेसेज अ‍ॅपमधले "Spam & blocked" उघडले तेव्हा तिथे सगळे ओटीपी एकाखाली एक पडलेले दिसले, वेळेवर आलेले. त्यांच्यावर त्याच नावाने आलेला एक जुना मेसेज होता: "तुमच्यासाठी आधीच मंजूर झालेले कर्ज". मावशींना तो त्रासदायक वाटला आणि त्यांनी तो ब्लॉक केला होता. त्यांच्या मनात ब्लॉक करायची होती ती जाहिरात, पण फोनने ब्लॉक केले ते पाठवणाऱ्याचे नाव. त्या दिवसापासून त्या नावाने आलेला प्रत्येक ओटीपी निमूटपणे तिथे जाऊन पडत होता. ते संभाषण उघडून "Unblock" दाबले आणि पुढचा ओटीपी लगेच समोर आला.

म्हणून बँकेची जाहिरात नकोशी झाली तर ब्लॉक करू नका. तो एकच मेसेज पुसून टाका, आणि जाहिराती बंद करायला बँकेच्या अ‍ॅपमधली किंवा संकेतस्थळावरची सोय वापरा.

ब्लॉक यादी आणि स्पॅम फोल्डर कुठे सापडेल?

गूगलचे मेसेज अ‍ॅप असेल तर वर उजवीकडे असलेल्या तुमच्या गोल चित्रावर दाबा आणि "Spam & blocked" उघडा. बँकेचे मेसेज तिथे असतील तर संभाषण उघडून "Unblock" किंवा "Not spam" निवडा. त्याच मेनूतले "Archived" हेही बघून घ्या. बोट जरा आडवे फिरले की संभाषण तिथे जाऊन पडते.

सॅमसंगचे स्वतःचे मेसेज अ‍ॅप असेल तर तीन ठिपके, मग "Settings", मग "Block numbers and spam". आत "Block numbers" मध्ये यादी असते आणि "Blocked messages" मध्ये अडवलेले मेसेज.

आयफोनवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींत मिसळू नका. एक म्हणजे फिल्टर: अनोळखी पाठवणाऱ्यांचे मेसेज वेगळ्या यादीत जातात. मेसेजच्या यादीत वर "Filters" किंवा रेघांचे छोटे बटण दिसते, तिथे "Unknown Senders", "Transactions", "Promotions" आणि "Junk" असे भाग असू शकतात. ओटीपी तिथे आलेला असतो, फक्त नेहमीच्या यादीत दिसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ब्लॉक यादी. "Settings" मध्ये वरच्या शोधात "Blocked" लिहिले की ती सापडते. फरक असा की आयफोनवर ब्लॉक केलेल्याचे मेसेज कुठेच साठत नाहीत. ब्लॉक काढल्यावर जुने ओटीपी दिसणार नाहीत, नवा मागवावा लागेल.

आयफोनवर आणखी एक सोय आहे: ओटीपी आपोआप भरला गेला की तो मेसेज पुसून टाकण्याची. ती चालू असेल तर "मेसेज आलाच नव्हता" असे वाटू शकते. "AutoFill & Passwords" या पानावर "Delete After Use" बंद केले की मेसेज राहतात. काही अँड्रॉइड फोनवर गूगलच्या मेसेज अ‍ॅपमध्येही ओटीपी २४ तासांनी पुसण्याची सोय असते, पण तिच्यामुळे आत्ताचा ओटीपी हरवत नाही.

फोन अ‍ॅपमधली ब्लॉक यादी पाहिली. तिथे बँकेचे नाव नाही. म्हणजे ब्लॉक नाही ना?

तसे धरून चालू नका. कॉलच्या अ‍ॅपमधली यादी मुळात नंबरांसाठी असते, अक्षरांचे नाव तिथे दिसेलच असे नाही. बँकेचे ब्लॉक शोधायची खात्रीची जागा म्हणजे मेसेज अ‍ॅपच्या आतला स्पॅम आणि ब्लॉकचा भाग.

उलट बाजूही आहे. अँड्रॉइड ७ पासून ब्लॉक केलेल्या नंबरांची एक सामायिक यादी फोनमध्ये असते, आणि कॉल व मेसेज दोन्ही अ‍ॅप ती वापरतात. तुमची बँक एखाद्या छोट्या नंबरावरून ओटीपी पाठवत असेल आणि तो नंबर तुम्ही कॉलच्या अ‍ॅपमध्ये ब्लॉक केला असेल, तर मेसेजही अडतो.

फोनमध्ये मेसेजची दोन-तीन अ‍ॅप आहेत. कोणते बघू?

अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच अ‍ॅप मुख्य मेसेज अ‍ॅप असते. कॉल ओळखणारी काही अ‍ॅप सुरू करताना "मला मुख्य मेसेज अ‍ॅप करा" असे विचारतात, आणि घाईत आपण हो म्हणतो. मग मेसेज त्या अ‍ॅपच्या हाती जातात आणि त्याचे स्वतःचे स्पॅम फोल्डर लागू होते. तुम्ही मात्र जुन्या अ‍ॅपची ब्लॉक यादी चाळत बसता. सेटिंगमध्ये "Default apps" उघडून "SMS app" समोर कोणते नाव आहे ते बघा. त्याच अ‍ॅपचे स्पॅम फोल्डर आणि ब्लॉक यादी तपासायची. इतर अशी अ‍ॅप असतील तर त्यांच्या स्पॅम यादीतही एकदा डोकावा.

मेसेज आलाय, पण वाजला नाही. असे होऊ शकते का?

हो. त्या संभाषणाची सूचना बंद असेल किंवा "Do Not Disturb" चालू असेल तर मेसेज येतो, पण कळत नाही. बँकेच्या अ‍ॅपने ओटीपी आपोआप वाचला नाही म्हणजे तो आलाच नाही, असेही नसते. दर वेळी मेसेजचे अ‍ॅप स्वतः उघडून बघा.

ओटीपी येतो, पण त्याची मुदत संपल्यावर. दोन सिममुळे असे होते का?

होऊ शकते, आणि हे समजून घेण्यासारखे आहे. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही सिम मिळून रेडिओचा एकच भाग वापरतात. काहीच चालू नसताना फोन दोन्ही नेटवर्कवर कान ठेवून असतो. पण एका सिमवर कॉल चालू झाला की अनेक फोनमध्ये दुसरे सिम तेवढा वेळ नेटवर्कच्या आवाक्याबाहेर जाते. तेवढ्यात त्या दुसऱ्या सिमवर ओटीपी आला, तर मोबाइल कंपनीचे मेसेज सेंटर तो राखून ठेवते आणि काही वेळाने पुन्हा पाठवून बघते. कॉल संपल्यावर मेसेज येतो, पण ओटीपी काही मिनिटांचाच असतो, तोवर तो निरुपयोगी होतो.

म्हणून ओटीपी मागवताना दोन्हीपैकी कोणत्याही सिमवर कॉल चालू ठेवू नका. आणि कॉलवर कोणी "आत्ता आलेला ओटीपी सांगा" म्हणत असेल, तर तो माणूस बँकेचा असो वा नसो, फोन ठेवा. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो.

उशीर कुठे झाला हे मेसेजवरूनच कळू शकते. गूगलच्या मेसेज अ‍ॅपमध्ये तो मेसेज दाबून धरा आणि तपशील उघडा. तिथे पाठवल्याची आणि मिळाल्याची वेळ वेगवेगळी दिसते. समजा पाठवल्याची वेळ १०:०२ आणि मिळाल्याची १०:१९ आहे, तर मेसेज निघाला होता पण तुमच्या सिमपर्यंत पोहोचत नव्हता: कॉल, कमकुवत सिग्नल किंवा नेटवर्क. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या आहेत आणि तरी तुम्ही मागवल्यापासून पंधरा मिनिटे गेली, तर मेसेज मोबाइल कंपनीच्या सेंटरपर्यंतच उशिरा आला, म्हणजे उशीर बँकेकडे किंवा मधल्या वाटेत आहे. तक्रार करताना या दोन वेळा फार कामाला येतात.

उशीर होतोय म्हणून मी पुन्हा पुन्हा "Resend" दाबतो. चालेल ना?

थांबा. साधारणपणे नवा ओटीपी निघाला की जुना बाद होतो, आणि अडकलेले मेसेज सुटतात तेव्हा पाठवल्याच्या क्रमानेच येतील याची हमी नसते. तुम्ही बाद झालेला ओटीपी भरता, तो चुकीचा ठरतो, आणि काही चुकांनंतर बँक व्यवहार किंवा खात्याचा प्रवेश काही काळ बंद करते. एकदा मागवा, स्क्रीनवरचा वेळ संपेपर्यंत वाट बघा, मग फार तर एकदा पुन्हा मागवा. नाही आला तर विमान मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद करा, म्हणजे दोन्ही सिम नेटवर्कवर नव्याने नोंदवली जातात. अडकलेले मेसेज बऱ्याचदा यानंतर लगेच येतात.

सिम २ वर एकही मेसेज येत नाही, सिम १ वर सगळे येतात.

सेटिंगमध्ये सिम २ चालू आहे ना, आणि त्याची वैधता संपलेली नाही ना, हे आधी बघा. कमी वापराच्या सिमचा रिचार्ज संपून गेल्याचे लक्षातच येत नाही, आणि बँकेचा नंबर नेमका तोच असतो.

जुन्या फोनमध्ये आणखी एक कारण असते. त्यांतल्या काहींचा दुसरा स्लॉट फक्त जुन्या टूजी नेटवर्कवर चालतो. तुमच्या कंपनीने ते नेटवर्क बंद केले असेल किंवा तिच्याकडे ते कधीच नसेल, तर त्या स्लॉटमध्ये सिमला पकडायला नेटवर्कच नाही. दोन्ही सिमच्या जागा अदलाबदल करा. मेसेज आता बँकेच्या सिमवर आले आणि दुसऱ्यावर बंद झाले, तर दोष स्लॉटचा.

फोनची साठवण पूर्ण भरली असेल तरी नवे मेसेज अडू शकतात, पण मग ते दोन्ही सिमचे अडतात.

कालच सिम बदलले किंवा नंबर दुसऱ्या कंपनीत नेला. त्यामुळे असे होते का?

बहुधा त्यामुळेच. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी काही काळ मेसेज किंवा बँकेचे व्यवहार थांबवले जातात, म्हणजे कोणी तुमच्या नावाने परस्पर सिम काढले तरी त्याला लगेच पैसे हलवता येऊ नयेत. कंपनी बदलल्यावरही नवा मार्ग सगळीकडे नोंदला जाईपर्यंत बँकेचे मेसेज चुकू शकतात, भले साधे मेसेज येत असोत. एक दिवस थांबा. त्यानंतरही येत नसतील तर नव्या कंपनीला सांगा.

तुम्ही स्वतः काहीच बदललेले नाही, तरी बँकेच्या सिमवरचे नेटवर्क अचानक पूर्ण गेले आणि परत येत नाही, दुसऱ्या सिमवर मात्र नेटवर्क ठीक आहे, तर ती साधी अडचण समजू नका. तुमच्या नंबरचे दुसरे सिम कोणीतरी काढलेले असू शकते, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. लगेच दुसऱ्या सिमवरून आधी मोबाइल कंपनीला फोन करा, मग बँकेला, आणि खाते तात्पुरते बंद करायला सांगा.

फिल्टर, ब्लॉक, सिम, सगळे तपासले. आता तक्रार कोणाकडे आणि काय करू?

दुसऱ्या फोनमध्येही ओटीपी आला नसेल, तर आधी बँकेकडे. "ओटीपी येत नाही" एवढेच सांगितले तर तिकडून फोन बंद करून सुरू करायला सांगतील. त्याऐवजी तारीख, ओटीपी मागवल्याची वेळ, कोणत्या व्यवहारासाठी मागवला, आणि नोंदवलेल्या नंबरचे शेवटचे चार अंक द्या. "साधे मेसेज या सिमवर येतात, दुसऱ्या फोनमध्येही हा ओटीपी आला नाही" हे वाक्य जरूर घाला. मग विचारा: त्या वेळचा मेसेज तुमच्याकडून निघाला का, आणि तो पोहोचल्याची नोंद आली का?

निघालाच नाही असे उत्तर आले तर काम बँकेचे आहे. निघाला पण पोहोचल्याची नोंद नाही, असे म्हणाले तर तीच वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव घेऊन मोबाइल कंपनीकडे जा आणि तुमच्या नंबरवर कंपन्यांचे मेसेज अडवणारी कोणती सेवा चालू आहे का ते विचारा. ते तपासून होईपर्यंत बँक ईमेलवर ओटीपी देत असेल किंवा अ‍ॅपमध्येच मंजुरी घेत असेल, तर तो पर्याय सुरू करून घ्या.